५जी की ६जी? सारख्या दिसणाऱ्या दोन अ‍ॅक्टिव्हांच्या फोटोंवरून नवी कोणती, हे ओळखायची पद्धत

जुनी अ‍ॅक्टिव्हा घ्यायची म्हटलं की सोलापुरात हल्ली आधी फोटो येतात, गाडी नंतर. एजंट व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो टाकतो, दोन्ही लाल, दोन्ही धुऊन-पुसून चकाचक. "दोन्ही सिक्सजीच हैत की ओ काका, मागं लिहिलंय बघा ना." आणि त्या फोटोंच्या भरवशावर लोक बार्शी-पंढरपूरला जाऊन इसार देऊन येतात. पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिक सांगतो की ही ५जी आहे.

चूक नजरेची नसते. फरक लोकांना दिसतात, पण चुकीच्या फरकाला वजन दिलं जातं. हेडलाइट, बिल्ला, रंग आणि नंबरप्लेट या चार गोष्टींवर सगळे निर्णय घेतात, आणि नेमक्या या चारही गोष्टी निकालासाठी कच्च्या आहेत. इथे फक्त ११० सीसीच्या ५जी आणि ६जी या जोडीचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

## टप्पा १ : "नवी" म्हणजे नेमकं काय, ते आधी ठरवा

एका गाडीला तीन वयं असतात: मॉडेल कधी बाजारात आलं, ही विशिष्ट गाडी कारखान्यात कधी बनली, आणि आरटीओत नोंद कधी झाली. फोटोवरून फक्त पहिली गोष्ट ठरवता येते. उरलेल्या दोन कागदावरच कळतात.

५जी मार्च २०१८ मध्ये आली आणि ती बीएस-४ गाडी. ६जी जानेवारी २०२० मध्ये आली, ती बीएस-६. देशभर बीएस-६ सक्तीचं झालं १ एप्रिल २०२० पासून. म्हणजे २०२० चे पहिले तीन महिने शोरूममध्ये दोन्ही गाड्या होत्या. उरलेल्या ५जी सवलतीत काढून टाकायची घाई चालली होती आणि शेजारीच नवी ६जी उभी होती. त्यामुळे मार्च २०२० ची नोंद असलेली गाडी ५जी असू शकते आणि फेब्रुवारी २०२० ची ६जी. "ह्याचं पासिंग नंतरचं आहे, म्हणजे हीच नवी" हा हिशेब तिथे साफ उलटा पडतो.

नोंदीचं वर्ष २०१८ किंवा २०१९ असेल, तर पुढची सगळी मेहनत वाचते. ११० सीसीची ६जी तेव्हा नव्हतीच.

## टप्पा २ : योग्य फोटो मागवा

आलेल्या फोटोंवर डोकं खपवण्याआधी हवे ते फोटो मागून घ्या. एजंट लोक पुढून तिरका फोटो पाठवतात, कारण त्यात गाडी भारदस्त दिसते. आपल्याला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. प्रत्येक गाडीचे हे चार मागा:

1. डाव्या किंवा उजव्या बाजूने सरळ फोटो. गाडी मेन स्टँडवर, हँडल सरळ, फोटो काढणारा १०-१२ फूट लांब आणि गाडीच्या मधोमध उभा.
2. मागून फोटो, त्यात सीटच्या मागची जागा आणि टेललाइट दोन्ही स्पष्ट दिसायला हवेत.
3. पुढच्या चाकाचा जवळून फोटो, मडगार्डपासून अ‍ॅक्सलपर्यंत.
4. हँडलच्या उजव्या बाजूची बटणं.

दोन्ही गाड्यांचे फोटो एकाच बाजूचे हवेत. एका गाडीची डावी बाजू आणि दुसरीची उजवी बाजू शेजारी ठेवून लोक भलतेच "फरक" शोधून काढतात. सायलेन्सर आणि किक काही दोन्ही बाजूंना नसतात.

फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं, आणि झूम केल्यावर बटणांवरची अक्षरं चिखल होऊन जातात.

तपासा : फोटो उलटा तर नाही ना? सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला किंवा कुठल्या अ‍ॅपमधून आलेला फोटो कधी कधी आरशातल्यासारखा उलटा असतो. नंबरप्लेट झाकलेली असेल तर टायरवरची किंवा बिल्ल्यावरची अक्षरं वाचून बघा.

सावध : मागचा फोटो मागितल्यावर "उद्या पाठवतो" असं दोनदा ऐकलंत, तर समजून घ्या. सगळ्यात मोठा पुरावा तिथेच असतो.

## टप्पा ३ : फरक लिहा, निकाल देऊ नका

दोन्ही फोटो शेजारी ठेवून वरून खाली उतरा: आरसे, हँडल, हेडलाइट, पुढचं पॅनेल, मडगार्ड, चाक, पायाची जागा, सीट, मागचं पॅनेल, टेललाइट. जे वेगळं दिसेल ते कागदावर लिहायचं. "अ मध्ये असं, ब मध्ये तसं", एवढंच. नवीन-जुनं हे शब्द या कागदावर यायला नकोत.

हे बजावून सांगायचं कारण असं की माणसाला एक गाडी पहिल्या नजरेत "नवी" वाटली की पुढचा प्रत्येक फरक तो तिच्याच बाजूने वाचत जातो. आपल्याकडच्या उन्हात सावलीविना उभी राहिलेली गाडी दोन उन्हाळ्यांत फिकी पडते, आणि घराच्या पोर्चमधली पाच वर्षांनीही तकतकीत राहते. चमक ही मालकाची खूण, मॉडेलची नव्हे.

## टप्पा ४ : प्रत्येक फरकाला एकच प्रश्न विचारा

प्रश्न असा: हा भाग बाजारातून आणून, तासाभरात, पान्यानं बदलता येतो का?

येत असेल तर तो पुरावा कच्चा. बिल्ला काही रुपयांत मिळतो. आरसे, सीट कव्हर, क्रॅश गार्ड, मॅट, हँडल ग्रिप, बल्बऐवजी बसवलेला पांढरा एलईडी, हे सगळं गॅरेजच्या बाकावर बसून चहा संपायच्या आत होतं. रंगही कच्चाच. लाल ५जीतही होता, ६जीतही आहे, आणि पॅनेल रंगवून मिळतात ते वेगळंच.

नंबरप्लेटबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हा गैरसमज ताजा आहे. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना आली, हे खरं. म्हणून काही काळ ती गाडीच्या वयाची खूण होती. पण नंतर महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती लावायला सांगितलं गेलं. आता २०१२ च्या एमएच-१३ गाडीवरही ती दिसते. या खुणेत आता काही अर्थ उरलेला नाही, तरी लोक अजून तिच्यावर विसंबतात.

पक्का पुरावा म्हणजे जो बदलायला गाडीचा सांगाडा, टाकी किंवा वायरिंग बदलावं लागेल. ५जी आणि ६जीत असे फरक चार आहेत. वजनाच्या क्रमाने सांगतो.

### पहिला : पेट्रोलचं झाकण

५जीत पेट्रोल भरायला सीट उचलावी लागते. ६जीत झाकण बाहेर आहे, सीटच्या मागे, टेललाइटच्या वर. मागून काढलेल्या फोटोत हे झाकण स्वच्छ दिसतं. हे बदलायचं तर टाकी, तिचं तोंड आणि मागचं पॅनेल सगळंच बदलावं लागेल. एवढा उद्योग करून कोणी जुनी गाडी नवी म्हणून विकत नाही, त्यात पैसे सुटत नाहीत. म्हणून पहिला क्रमांक याचा.

### दुसरा : पुढचं शॉकअप

५जीत पुढे जुनी लिंकवाली रचना आहे. मडगार्डखालून येणारा पाय सरळ अ‍ॅक्सलवर उतरत नाही. त्याच्या टोकाला एक छोटा आडवा दांडा असतो, चाक त्या दांड्यावर बसतं, आणि शेजारी स्प्रिंगचं आखूड शॉकअप उभं दिसतं. ६जीत टेलिस्कोपिक आहे, म्हणजे मोटारसायकलसारखी सरळ नळी थेट अ‍ॅक्सलपर्यंत येते आणि मध्ये आडवा दांडा नसतो. तिसऱ्या क्रमांकाचा फोटो यासाठीच मागवला.

### तिसरा : पुढच्या चाकाची रिम

५जीत दोन्ही चाकं १० इंची. ६जीत मागचं १० इंची आणि पुढचं १२ इंची. हे मोजून ठरवायचं असतं. त्यासाठी पुढचा टप्पा आहे.

### चौथा : उजव्या हाताची बटणं

६जीत इंजिन चालू आणि बंद करायचा एकच स्विच आहे. एका बाजूला दाबला की सेल्फ, दुसऱ्या बाजूला दाबला की इंजिन बंद. ५जीत फक्त सेल्फचं बटण. स्विचचा डबा बदलता येतो, म्हणून याला वरच्या तिघांइतकं वजन देऊ नका. पण एवढा खटाटोप सहसा कोणी करत नाही.

सावध, हेडलाइट उलटा फसवतो : एलईडी म्हणजे नवी, बल्ब म्हणजे जुनी, असा सरळ हिशेब सगळे करतात. ५जीला एलईडी हेडलाइट आला, ती तिची मोठी जाहिरात होती. पण ६जीच्या स्टँडर्ड प्रकारात साधा हॅलोजन बल्ब आहे आणि एलईडी फक्त डिलक्समध्ये. त्यामुळे नव्या मॉडेलची स्वस्त गाडी जुन्या मॉडेलपेक्षा जुनी दिसते. मॉडेल आणि प्रकार या दोन वेगळ्या शिड्या आहेत. फरक दिसला की तो मॉडेलचा की प्रकाराचा, हे आधी विचारा.

## टप्पा ५ : रिम मोजा

डोळ्यांना पुढचं चाक मोठं वाटतं की नाही, यावर जाऊ नका. फोटो पुढून जवळून काढला असेल तर १० इंची चाकही मोठं वाटेल.

फोटो कॉम्प्युटरच्या किंवा टॅबच्या स्क्रीनवर मोठा करा आणि शाळेतली पट्टी लावा. मोजायची रिम, टायर नव्हे. इथे बहुतेकजण घसरतात. ६जीचं पुढचं टायर ९०/९०-१२ आणि मागचं ९०/१००-१०. पुढची रिम मोठी, पण तिच्यावरचं टायर जरा बुटकं. त्यामुळे टायरसकट पूर्ण चाकाचा व्यास पुढे साधारण ४६७ मिलिमीटर आणि मागे ४३४ भरतो. फरक जेमतेम साडेसात टक्के, फोटोच्या तिरकेपणात सहज बुडून जाणारा. रिमचा फरक मात्र बाराला दहा, म्हणजे वीस टक्के. तो बुडत नाही.

कृती अशी:

1. दोन्ही रिमांची उभी उंची मोजा. आडवी रुंदी नको, कारण हँडल जरा वळलेलं असलं तरी पुढचं चाक आडवं आखूड दिसतं. उंचीवर त्याचा परिणाम फारसा होत नाही.
2. पुढच्या उंचीला मागच्या उंचीने भागा.
3. उत्तर १.०० ते १.०५ आलं तर दोन्ही चाकं सारखी. १.१५ ते १.२५ आलं तर पुढचं १२ इंची.
4. उत्तर मधेच कुठेतरी, म्हणजे १.१० च्या आसपास आलं, तर तो फोटो बाद. नवा मागवा.

तपासा : मागच्या रिमची रुंदी आणि उंची दोन्ही मोजा. सारखी आली तर फोटो सरळ बाजूने काढलाय. रुंदी बरीच कमी आली तर फोटो तिरका आहे, आणि तिरक्या फोटोत कॅमेऱ्याजवळचं चाक फुगतं. मागचं चाक वळत नाही, म्हणून ही परीक्षा त्याच्यावरच करायची.

फोनची ०.५ वाली वाइड लेन्स वापरली असेल तर कडेची चाकं ताणलेली येतात. फरशीच्या किंवा भिंतीच्या सरळ रेषा फोटोत वाकलेल्या दिसल्या की समजावं.

## टप्पा ६ : तिसरीच गाडी तर नाही ना?

इथवर आलेले हुशार लोक पुढे अडखळतात ते अ‍ॅक्टिव्हा १२५ मुळे. २०१४ मध्ये आलेल्या १२५ ला सुरुवातीपासूनच टेलिस्कोपिक शॉकअप आणि पुढे १२ इंची चाक होतं. म्हणजे २०१५ ची १२५ आणि २०२० ची ६जी, दोघींचं पुढचं अंग या दोन खुणांवर सारखंच. १२५ चा बिल्ला उपटून ६जीचा लावला तर बाजूच्या फोटोत भले भले फसतात.

सोडवायची रीत सोपी आहे. पुढे टेलिस्कोपिक आणि १२ इंची चाक आहे, पण मागे बाहेरचं पेट्रोल झाकण नाही, तर ती ६जी नाही. जुनी १२५ असण्याचीच शक्यता मोठी. १२५ लाही बाहेरचं झाकण मिळालं, पण ते सप्टेंबर २०१९ च्या बीएस-६ आवृत्तीत. पुढे डिस्क ब्रेक दिसला तरी १२५ चा संशय घ्या. ६जीला दोन्हीकडे ड्रमच आहेत.

आणि एखाद्या फोटोत किल्लीच्या भोकाच्या जागी गोल फिरवायचा नॉब दिसला, तर ती २०२३ मध्ये आलेली स्मार्ट-कीची आवृत्ती. मीटरच्या जागी रंगीत स्क्रीन असेल तर २०२५ ची. अलॉय व्हील मात्र पुरावा धरू नका, ती बाहेरूनही बसवून मिळतात.

## एक जोडी शेवटपर्यंत सोडवून बघू

जोडी अशी. फोटो अ मध्ये लाल गाडी, चमकदार, एलईडी हेडलाइट, मागे ६जीचा बिल्ला, हाय सिक्युरिटी प्लेट. एजंट सांगतो मार्च २०२० चं पासिंग. फोटो ब मध्येही लाल गाडी, रंग उडालेला, साधा बल्ब, बिल्ला गायब, डाव्या पॅनेलवर ओरखडा. पासिंग फेब्रुवारी २०२०. किंमत अर्थातच अ ची जास्त.

कागदावर सात फरक आले: चमक, हेडलाइट, बिल्ला, ओरखडा, महिना, पुढच्या चाकाजवळची रचना, आणि सीटमागची जागा. तासाभराचा प्रश्न विचारल्यावर बिल्ला आणि ओरखडा गळाले. चमक टप्पा ३ मध्येच बाद झालेली. हेडलाइट प्रकाराचा फरक असू शकतो, म्हणून बाजूला ठेवला. महिना टप्पा १ मध्येच निकामी झाला होता. प्लेट दोन्हीकडे तीच, म्हणून ती यादीत आलीच नाही. उरले शेवटचे दोन.

अ मध्ये मडगार्डखाली आडवा दांडा आणि आखूड स्प्रिंग दिसते. सीटमागे सपाट पॅनेल, झाकण नाही. स्क्रीनवर मागची रिम ४० मिलिमीटर, पुढची ४१. भागाकार १.०३. तिन्ही खुणा एकाच बाजूला बोलतात: ५जी.

ब मध्ये सरळ नळी अ‍ॅक्सलपर्यंत. टेललाइटच्या वर झाकण. मागची रिम ३८, पुढची ४५, भागाकार १.१८. (याच फोटोत टायरसकट मोजलं असतं तर ६५ आणि ७० आलं असतं, म्हणजे १.०८, आणि आपण घोळात पडलो असतो.) १२५ आहे का? झाकण बाहेर आहे, म्हणजे जुनी १२५ नाही. बीएस-६ वाली १२५ असण्याची फट उरते, ती कागदावर बुजवायची. बल्बवरून अंदाज असा की ही ६जी स्टँडर्ड.

म्हणजे जास्त किमतीची, नंतर पासिंग झालेली, ६जीचा बिल्ला मिरवणारी गाडी जुन्या मॉडेलची निघाली.

सावध : पक्क्या खुणा एकमेकींशी भांडत असतील, समजा झाकण बाहेर आहे पण पुढे लिंकवाली रचना, तर बहुमत घेऊन निकाल लावू नका. ती अपघातात पुढचा भाग बदललेली गाडी असू शकते, किंवा दोन वेगवेगळ्या गाड्यांचे फोटो एकत्र करून पाठवलेले असू शकतात. दोन्ही फोटोंतली फरशी, सावली आणि ओरखडे जुळतात का बघा.

## टप्पा ७ : निघण्याआधी कागद

फोटोवरचा निकाल हा फक्त ७० किलोमीटर जायचं की नाही एवढ्यापुरता. इसार देण्यापुरता तो पुरत नाही. नंबर मागून घ्या आणि `mParivahan` अ‍ॅपवर टाका. तिथे प्रदूषणाच्या निकषात भारत स्टेज ४ आलं तर ५जी, भारत स्टेज ६ आलं तर ६जी. नंबर द्यायला कां-कूं करणाऱ्याची गाडी सोडून द्या, दुसऱ्या भरपूर आहेत.

आरसी बुकात इंजिनची क्षमता बघा. ५जीची १०९.१९ सीसी, ६जीची १०९.५१. दशांश दिलेला नसेल तर दोन्हीकडे १०९ च दिसेल, तेव्हा त्यावरून ५जी-६जी ठरत नाही, पण १२४ आलं तर १२५ ची शंका तिथेच मिटते. उत्पादनाचा महिना आणि वर्षही आरसीतच असतं. टप्पा १ मधल्या तीन वयांपैकी दुसरं वय ते हेच.

प्रत्यक्ष गाडीपाशी गेल्यावर दोन गोष्टी करा. चासिस नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. मग किल्ली फिरवून मीटरकडे बघा. ६जी इंजेक्शनची गाडी आहे, तिच्या मीटरवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी सुरू झाली की विझतो. ५जी कार्बोरेटरची, तिला हा दिवा नाही. आणि ६जीत तो दिवा गाडी सुरू झाल्यावरही तसाच जळत राहिला, तर मॉडेलचा प्रश्न संपला आणि मेकॅनिकचा सुरू झाला.